ओळख कामाची, चौकशी घराची

कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाट्याची एक तयार फाईल असते. नाव आणि टक्केवारी बदलायची, प्रिंट काढायची, खाली सही करायची. या कागदावर वरच्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटो असतो. त्याखाली संपूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, कायमचा पत्ता, जन्मतारीख, लिंग, वैवाहिक स्थिती, धर्म, कधी जात, राष्ट्रीयत्व, अवगत भाषा. मग दहावीपासूनचे शिक्षण, मग अनुभव, मग छंद. शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असे प्रतिज्ञापन, ठिकाण आणि दिनांक. अर्जदाराला काम काय येते, हे समजेपर्यंत त्याचे घर, वय आणि देव यांची माहिती वाचून झालेली असते.

हा साचा खासगी नोकरीच्या गरजेतून आलेला नाही. त्याची रचना सरकारी अर्जासारखी आहे, आणि सरकारी अर्जात यातल्या बहुतेक रकान्यांना कारण असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या गटासाठी सर्वसाधारण कमाल वय 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे, म्हणून जन्मतारीख लागते. आरक्षणासाठी जातीचा प्रवर्ग लागतो. राज्य शासनाच्या 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, म्हणून मुले किती हेही लिहावे लागते. तिथे रकाना मोकळा ठेवला तर अर्जच बाद होतो. खासगी कंपनीत मात्र पहिल्या चाळणीच्या वेळी यातल्या एकाही माहितीवर कुठलाही नियम अवलंबून नसतो. तरीही आपण ती न मागता देतो.

काय वगळावे याचा विचार करताना ‘हे खासगी आहे का’ एवढेच विचारून पुरत नाही. माझ्या मते खरा प्रश्न दुहेरी आहे: या माहितीवर कोणता निर्णय उभा आहे, आणि तो निर्णय कोणत्या टप्प्यावर होतो? वय, कुटुंब आणि धर्म या तिन्ही गोष्टींना हीच कसोटी लावली, तर कागदावर काय राहू द्यायचे आणि काय पुढच्या टप्प्यासाठी ठेवायचे, हे पुष्कळसे स्पष्ट होते.

वगळल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अट्टेवेल यांनी केलेली पाहणी 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले गेले. अर्जांतली पात्रता सारखी होती. नावे मात्र वेगळी होती: काही उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित वाटतील अशी, काही मुस्लिम. अर्जात जात किंवा धर्म कुठेच लिहिलेला नव्हता. तरी सारख्या पात्रतेच्या अर्जांत उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश निघाली.

दिल्लीत अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पद्धतीने केलेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे चित्र थोडे वेगळे आहे. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीनुसार लक्षणीय फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय नावांना अधिक बोलावणी आली, आणि ओबीसी नावांच्या तुलनेत हा फरक सर्वांत ठळक होता. मुस्लिम नावांच्या बाबतीत दोन्ही क्षेत्रांत फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले तर माझा निष्कर्ष असा: कौशल्य कागदावरून तपासता येते तिथे नावाचा भार कमी पडतो, आणि बोलणे, वागणे, ‘आपल्यात बसेल का’ याचा अंदाज बांधायचा असतो तिथे तो वाढतो. मालकाला कौशल्य जितके कमी दिसेल, तितकी ती जागा इतर अंदाज भरून काढतात.

कुटुंबाच्या बाबतीत शेली कॉरेल यांच्या 2007 च्या अमेरिकी अभ्यासाकडे पाहावे लागते. त्यात अर्जदार स्त्रीला मूल आहे हे थेट लिहिलेले नव्हते. शाळेच्या पालक-शिक्षक संघात काम केल्याच्या ओळीसारख्या खुणा होत्या, इतकेच. अशा खुणांमुळे, मूल नसलेल्या तितक्याच पात्र स्त्रीला तिच्यापेक्षा दुपटीहून थोडी अधिक बोलावणी आली. पुरुषांच्या अर्जात पालक असल्याच्या खुणा असूनही त्यांचे नुकसान झाले नाही. म्हणजे ‘विवाहित, दोन मुले’ हे शब्द पुरुषाच्या कागदावर स्थैर्य म्हणून वाचले जाऊ शकतात आणि बाईच्या कागदावर अडचण म्हणून. सगळ्यांनी एकच नियम पाळावा असे म्हणताना कोण काय गमावतो हे सारखे नसते, ते इथे दिसते.

वयाबद्दल डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारा शहरांत 40,000 हून अधिक अर्ज पाठवून जो अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढते तशी बोलावणी कमी होतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यात स्त्रियांच्या, विशेषतः निवृत्तीच्या जवळ आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत मिळाला. पुरुषांच्या बाबतीत तो तितका एकसारखा नव्हता.

भारतात खासगी नोकरभरतीत कायद्याचे संरक्षण तुटक आहे. राज्यघटनेचे कलम 16 धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करते, पण ते शासनाच्या नोकऱ्यांपुरते. भरतीतला लिंगभेद 1976 च्या समान वेतन कायद्यापासून निषिद्ध आहे. अपंग व्यक्तींसाठी 2016 चा कायदा आहे. खासगी कंपनीने धर्म किंवा वय पाहून अर्ज बाजूला ठेवला, तर त्याविरुद्ध दाद मागायला मात्र एकच असा सर्वसमावेशक कायदा नाही. म्हणूनच अर्जदाराने कागदावर काय द्यायचे हा निर्णय आपल्याकडे अधिक जड आहे.

रकाना खोडला तरी माहिती उरते

वगळण्याचा निर्णय घेतलेली माणसे बहुतेकदा इथे चुकतात. जन्मतारीख काढून टाकतात आणि दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष तसेच ठेवतात. दहावी 1995 म्हटले की वाचणारा दोन सेकंदांत वयाचा हिशेब करतो. ईमेलच्या पत्त्यात नावापुढे 79 असते. कौशल्यांच्या यादीत व्हॅटची विवरणपत्रे अजून पहिल्या क्रमांकावर असतात, 2017 मध्ये जीएसटी येऊन इतकी वर्षे लोटली तरी. वय सांगायचे नसेल तर या सगळ्या खुणा एकत्र पाहाव्या लागतात. पाच-सात वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या माणसाने दहावी-बारावीचे गुण आणि वर्ष द्यायची गरज नाही. सर्वोच्च पदवी आणि विद्यापीठ पुरते.

मराठी नावाची रचना तर आणखी बोलकी आहे. स्वतःचे नाव, मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, शेवटी आडनाव. या तीन शब्दांतून वडील कोण, बाई विवाहित आहे का, गाव कुठले आणि पुष्कळदा जात कोणती, एवढे सगळे वाचले जाते. मधले नाव पहिल्या कागदावर गाळता येते. त्यात लपवाछपवी काही नाही, कारण पदवी प्रमाणपत्रावरचे पूर्ण नाव पुढे नेमणुकीच्या अर्जात द्यायचेच असते. आडनाव गाळायचे की नाही हा मात्र ज्याचा त्याचा प्रश्न आहे. काही जण फक्त नाव आणि वडिलांचे नाव लावतात, काहींनी आडनाव बदलून घेतले आहे, आणि काहींना आपले आडनाव ठामपणे सांगणे हाच स्वाभिमान वाटतो. पुरावा सांगून कुणाला आडनाव झाकायला लावणे मला मान्य नाही. काय वगळावे याचा सल्ला देताना, कोणती गोष्ट माणसाला वगळायची नाही हेही आधी विचारावे लागते.

पत्ता हीसुद्धा एक खूण असते. पूर्ण पत्त्यातली वस्ती, सोसायटीचे नाव, मोहल्ला यांवरून धर्म आणि ऐपत दोन्हींचा अंदाज बांधला जातो. पहिल्या कागदावर ‘चिंचवड, पुणे’ एवढे पुरेसे आहे. रोज येणे-जाणे शक्य आहे का, इतकेच मालकाला त्या टप्प्यावर हवे असते. छंद आणि सामाजिक कार्य या रकान्यांचेही तेच. कोणत्या मंडळाचे, ट्रस्टचे किंवा संघटनेचे काम केले, हे नाव न घेता कामाच्या भाषेत सांगता येते: ‘शंभर स्वयंसेवकांच्या कार्यक्रमाचा हिशेब सांभाळला.’ संस्थेचे नाव हीच तुमची पात्रता असेल, तर अर्थात ते द्यावे.

या बाबतीत जपानचा अनुभव आपल्याला फार जवळचा वाटतो. तिथे ‘बुराकू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाला जन्मावरून पिढ्यान्‌पिढ्या भेदभाव सोसावा लागला. नाव किंवा चेहऱ्यावरून ती माणसे ओळखू येत नाहीत. मूळ गाव कळले की ओळखू येतात. त्यांच्या वस्त्यांच्या गावनावांच्या याद्या कंपन्या गुपचूप विकत घेऊन अर्जदार चाळतात, हे 1975 मध्ये उघडकीला आले आणि मोठा गदारोळ झाला. आज तिथले श्रम मंत्रालय भरती करणाऱ्यांना चौदा बाबी सांगते, ज्या विचारल्या तर भेदभाव होण्याचा धोका असतो. त्यांत मूळ गाव, कुटुंब आणि धर्म आहेतच. शिवाय आदर्श व्यक्ती, घरी येणारे वर्तमानपत्र आणि आवडती पुस्तकेही आहेत.

‘तुमचे आदर्श कोण?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलाखतींतही किती सहज विचारला जातो! आणि उत्तरात आलेल्या एका महापुरुषाच्या नावावरून समोरचा माणूस उमेदवाराची जात, घरचे राजकारण, विचारसरणी असे सगळे गृहीत धरू शकतो. या प्रश्नाला आपल्याच क्षेत्रातल्या माणसाचे नाव सांगणे सर्वांत योग्य. ज्या वरिष्ठ लेखापालाकडे ताळेबंद शिकलो, ज्या अभियंत्याच्या कामाची पद्धत उचलली, त्याच्याबद्दल दोन वाक्ये बोलली की संभाषण पुन्हा कामाकडे वळते.

‘घरी कोण कोण असतं?’

कागदावरून गाळलेली माहिती मुलाखतीत तोंडी मागितली जाते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून 2007 मध्ये जे लिहिले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हे अधिकारी जात मानत नसल्याचे आणि केवळ गुणवत्ता पाहत असल्याचे सांगतात, आणि त्याच वेळी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानतात. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर शहरात की खेड्यात, यांवरून स्वभाव आणि संस्कार कळतात असे त्यांना वाटते. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी त्याच काळात दिल्लीतल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या दलित आणि दलितेतर विद्यार्थ्यांचा नोकरीचा शोध अभ्यासला. घराबद्दलचा हाच प्रश्न सुस्थितीतल्या विद्यार्थ्यांना साध्या गप्पांसारखा वाटे, आणि दलित विद्यार्थ्यांना तिथे अवघडून जायला होई.

आपल्याकडे मुलांना स्वतःची ओळख करून द्यायला शिकवले जाते तेच घरापासून. ‘मी मूळची नांदेड जिल्ह्यातली. वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, आम्ही तीन भावंडं.’ या ओळींत लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि कुणाला त्या अभिमानाने सांगायच्या असतील तर जरूर सांगाव्यात. पण मुलाखतीत पहिले मिनिट फार मोलाचे असते. त्यातले अर्धे घराच्या परिचयात गेले, तर प्रश्नही घराबद्दलच येतात. पहिले मिनिट कामाने भरले, तर पुढचे प्रश्न बहुधा कामाबद्दल येतात. न सांगायची गोष्ट टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे.

तरीही प्रश्न येतातच. ‘लग्नाचा काय विचार?’ ‘मुलं लहान आहेत का?’ ‘हे आडनाव कुठलं? म्हणजे तुम्ही नेमके कुठले?’ अशा वेळी ‘हे तुम्ही विचारू शकत नाही’ असे तोडून बोलण्याचा हक्क उमेदवाराला आहे, पण नोकरीची गरज असलेल्या माणसाला ते परवडतेच असे नाही. मधला मार्ग असा की प्रश्नामागची कामाची शंका ओळखायची आणि तिलाच उत्तर द्यायचे. मुलांबद्दलच्या प्रश्नामागे बहुधा सुट्ट्या आणि उशिरापर्यंत थांबणे असते. ‘महिनाअखेरीला थांबावं लागतं हे मला माहीत आहे, त्याची सोय मी केलेली आहे,’ एवढे उत्तर पुरते. लग्नाच्या प्रश्नामागे शहर सोडून जाण्याची भीती असते: ‘पुढची काही वर्षं पुण्यातच राहायचा माझा विचार आहे.’ आडनावाच्या प्रश्नाला जिल्हा सांगावा आणि लगेच शिक्षण कुठे झाले तिकडे वळावे. मात्र जे बोलायचे ते खरे असले पाहिजे. सोय झालेली नसताना झाली म्हणू नये.

मुलाला आणायला रोज सहा वाजता निघावेच लागणार असेल, तर ते दडवून नोकरी घेण्यात कुणाचेच भले नाही. ते सांगायची जागा मात्र ओळख करून देताना नसते. नोकरी देऊ केली गेली, पगार आणि वेळेची बोलणी सुरू झाली, की तिथे ते कामाच्या वेळेची अट म्हणून मांडावे: ‘मला सकाळी नऊला येऊन सहाला निघायचं आहे.’ कारण द्यायचे की नाही हे तुमच्या हातात राहते, आणि समोरच्याचा निर्णयही वेळेवर ठरतो.

एक कागद, आधी आणि नंतर

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, पिंपरी-चिंचवडमधल्या 46 वर्षांच्या एका बाईंना चाकणच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात वरिष्ठ लेखापालाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. 1995 ला दहावी, 2000 ला बी.कॉम. 2001 पासून दोन कंपन्यांत मिळून अकरा वर्षे नोकरी. 2012 मध्ये मूल झाले, नंतर सासूबाईंचे दुखणे निघाले, आणि आठ वर्षे नोकरी सुटली. 2020 पासून पाच वर्षे एका गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब आणि तीन दुकानांची जीएसटीची कामे त्या घरून करत आहेत.

त्यांच्या पहिल्या कागदावर फोटो, नवऱ्याच्या नावासह पूर्ण नाव, जन्मतारीख, ‘विवाहित, एक मुलगा’, नवऱ्याची नोकरी, धर्म आणि दहावीचे 68 टक्के होते. अनुभवात 2001 ते 2012 अशा नोकऱ्या, आणि त्याखाली ‘2012 ते 2020: कौटुंबिक जबाबदाऱ्या’. घरून केलेले काम त्यांनी लिहिलेच नव्हते, कारण ती ‘नोकरी’ नव्हती. म्हणजे कामाशी संबंध नसलेले सगळे होते, आणि सर्वांत ताजे काम गायब होते.

दुरुस्त कागदाची सुरुवात अशी: नाव आणि आडनाव, फोन, साधा ईमेल, ‘चिंचवड’. मग तीन ओळींचा परिचय: ‘वाणिज्य पदवीधर लेखापाल, 16 वर्षांचा अनुभव. जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी भरणे, टीडीएस, बँक ताळमेळ, महिनाअखेरीचे हिशेब. टॅलीप्राइम आणि एक्सेलवर रोजचे काम.’ त्याखाली सर्वांत आधी ताजे काम: ‘स्वतंत्र लेखापाल, 5 वर्षे: तीन दुकानांची जीएसटी विवरणपत्रे, एका सोसायटीचे वार्षिक हिशेब लेखापरीक्षणासाठी तयार करणे.’ मग आधीच्या दोन जागा, ‘5 वर्षे’ आणि ‘6 वर्षे’, प्रत्येकीपुढे कामाच्या दोन ओळी. शेवटी पदवी आणि विद्यापीठ. धर्म, नवरा, मूल, फोटो, दहावी आणि छंद हे सगळे गेले. व्हॅटची ओळही गेली.

तारखांऐवजी वर्षांची संख्या देण्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये 9,022 अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास 2022 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या तारखा दाखवून खंड उघड करणाऱ्या अर्जांच्या तुलनेत, प्रत्येक नोकरीपुढे किती वर्षे काम केले एवढेच लिहिलेल्या अर्जांना सुमारे 15 टक्के अधिक बोलावणी आली. खंड नसलेल्या, तारखा दिलेल्या अर्जांपेक्षाही ती सुमारे 8 टक्के अधिक होती. अनुभव किती, हे वाचणाऱ्याला वजाबाकी न करता दिसले, हे त्यामागचे एक कारण असावे.

या युक्तीला मर्यादा आहेत. नोकरीच्या बऱ्याच संकेतस्थळांवर महिना आणि वर्ष भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. तिथे खऱ्याच तारखा भराव्या लागतात. मुलाखतीत कुणी ‘2012 नंतर काय केलंत?’ असे विचारले, तर उत्तर सरळ असावे: ‘मधली आठ वर्षं मी पूर्णवेळ नोकरी केली नाही. गेली पाच वर्षं हे काम करते आहे, आणि जीएसटीचे सगळे बदल त्यात हाताळले आहेत.’ खंडाचे कारण सांगणे ऐच्छिक आहे. त्याबद्दल खोटी नोकरी लिहिणे मात्र आत्मघातकी आहे. नेमणुकीच्या वेळी अनेक कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, जुन्या मालकाकडे विचारणा करतात, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात. न सांगितलेली गोष्ट तिथे सांगता येते. खोटी सांगितलेली गोष्ट तिथे पकडली जाते आणि हातातली नोकरी जाते.

मौन कधी उलटते

काहीच न सांगणे नेहमी फायद्याचे असते असेही नाही. फ्रान्सने 2006 च्या कायद्यात मोठ्या कंपन्यांसाठी नाव-पत्ता झाकलेल्या अर्जांची तरतूद केली, पण ती अमलात आली नाही. तिची परीक्षा म्हणून 2009-10 मध्ये तिथल्या सरकारी रोजगार यंत्रणेने प्रयोग केला. निकाल अनपेक्षित होता. प्रयोगात सामील झालेल्या कंपन्यांत नावे झाकल्यावर स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. अभ्यासकांनी त्याची कारणे सुचवली: स्वेच्छेने सामील झालेल्या कंपन्या आधीपासूनच अशा उमेदवारांना संधी देत होत्या, आणि नाव व वस्ती झाकली गेल्यावर शिक्षणात पडलेला खंड किंवा कमी अनुभव कोणत्या परिस्थितीतून आला हे त्यांना समजेना. 2015 मध्ये तिथे ही तरतूद ऐच्छिक करण्यात आली.

या निकालातून अर्जदाराने एक गोष्ट घ्यावी. तुमच्या कागदात एखादी उणीव दिसत असेल आणि तुमची परिस्थिती ती समजावून देत असेल, तर परिस्थितीची एक ओळ उपयोगी पडते. ‘शिक्षण घेत असताना पूर्णवेळ काम केले’ ही ओळ गुण का कमी पडले ते सांगते, आणि जात, धर्म किंवा वडिलांची ऐपत त्यातून उघड होत नाही. तसेच काही कामांत ओळखीचा एखादा भाग हीच पात्रता असते. मेळघाटात आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेला कोरकू बोलणारे माणूस हवे असेल, तर ‘कोरकू अस्खलित’ हे सर्वांत वर यायला हवे. ती ओळ भाषेच्या कौशल्याबद्दल आहे. समाजाचे नाव वेगळे लिहिण्याची गरज उरत नाही.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी त्या त्या देशाची रीत पाहावी. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फोटो, जन्मतारीख किंवा वैवाहिक स्थिती दिलेला कागद अडाणी वाटतो, आणि काही कंपन्यांना तो हाताळणेही नको असते. आखाती देशांतल्या अर्जांत मात्र राष्ट्रीयत्व, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती अजून सर्रास मागितली जाते, कारण व्हिसा आणि कुटुंबाचा भत्ता त्यांवर ठरतो. तिथे ते शेवटच्या परिच्छेदात, मागितले तेवढेच द्यावे.

एकट्या अर्जदाराने आपला कागद कितीही काळजीपूर्वक छाटला, तरी कंपनीच्या छापील अर्जात तेच रकाने असतील तर त्याची मेहनत पहिल्याच दिवशी वाया जाते. स्वागतकक्षात हातात दिलेल्या दोन पानी फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय, धर्म आणि मुलांची संख्या विचारलेली असते, आणि तो न भरता आत जाण्याचे धाडस फार थोडे करतात. जपानमध्ये 2021 मध्ये श्रम मंत्रालयाने बायोडाट्याचा नवा नमुना काढला. त्यातून जोडीदार आहे का आणि अवलंबून माणसे किती, हे रकाने काढले, आणि लिंगाचा रकाना भरणे ऐच्छिक केले. आपल्याकडे असे करायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. मनुष्यबळ विभागातल्या कुणीही आपल्या कंपनीचा फॉर्म समोर घ्यावा आणि प्रत्येक रकान्यापुढे लिहावे की निवडीच्या वेळी याचा उपयोग कोणत्या निर्णयासाठी होतो. ज्यापुढे काही लिहिता येणार नाही, तो रकाना नेमणूक झाल्यानंतरच्या कागदावर हलवावा. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि वारसनोंद यांसाठी कुटुंबाची माहिती तेव्हा लागतेच, आणि तेव्हा ती द्यायला कुणाला भीती वाटत नाही, कारण नोकरी मिळालेली असते.

तोवर अर्जदाराच्या हातात एवढे आहे: खोटे काही लिहायचे नाही, मागितलेले योग्य टप्प्यावर द्यायचे, आणि पहिल्या कागदावरची प्रत्येक ओळ अशी ठेवायची की ती वाचून समोरचा कामाबद्दलच पुढचा प्रश्न विचारेल.